उन्हाचा हिशेब

चित्रित दृश्यात संगणकावरची वस्तू बसवायची आजची रीत पॉल डेबेवेक यांनी १९९८ साली मांडली. चित्रणाच्या जागी आरशासारखा गोळा ठेवायचा, कमीजास्त एक्स्पोजरचे फोटो काढून जोडायचे आणि तयार झालेल्या एचडीआर प्रतिमेनेच आभासी वस्तू उजळायची. आता हे सगळं फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही होतं. तरी उन्हातली दृश्यं हमखास फसतात, आणि दोष बहुधा रेंडरचा नसतो.

समजा, दुपारच्या अंगणात तांब्याचा आभासी हंडा ठेवायचा आहे. सूर्यबिंब निळ्या आकाशाहून लाखाहून अधिक पट तेजस्वी असतं. सर्वांत कमी एक्स्पोजरच्या फोटोतही ते पांढरंफटक जळालं असेल, तर त्यापुढचं तेज प्रतिमेत नोंदलंच जात नाही. त्या प्रतिमेने उजळलेल्या हंड्याची सावली फिकी पडते आणि हंडा ढगाळ दिवसातून उचलून आणल्यासारखा दिसतो. अशा वेळी अनेकजण अंदाजाने कॉन्ट्रास्ट वाढवतात. मला ही पळवाट वाटते, कारण तिने हंड्यावरचं आकाशाचं प्रतिबिंबही बिघडतं.

खरा उपाय राखाडी गोळ्यात आहे. त्याच अंगणात, त्याच कॅमेऱ्याने टिपलेल्या मॅट राखाडी गोळ्याची उन्हातली आणि सावलीतली बाजू मोजायची, अर्थात फुटेज लिनियर करून. तिथे प्रमाण सहास एक आणि आभासी गोळ्यावर दोनास एक आलं, तर किती ऊन हरवलं ते कळतं. मग एचडीआरमधला सूर्य पुसून त्या जागी अर्ध्या अंशाचा वेगळा दिवा लावायचा आणि दोन्ही गोळे जुळेपर्यंत त्याची तीव्रता वाढवायची. अर्धा अंश महत्त्वाचा, कारण सावलीच्या कडेचा मऊपणा त्यावर ठरतो: सावली पाडणारी कड एक मीटर दूर असेल, तर सावलीची कड सुमारे ९ मिलिमीटर पुसट होते. दिवा बिंदूएवढा ठेवला की सावली कात्रीने कापल्यासारखी येते.

कॅमेऱ्याकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होतं. ३५ मिलिमीटरची लेन्स ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर सुमारे ५४ अंश पाहते, २४.९ मिलिमीटर रुंद सेन्सरवर जेमतेम ३९. कित्येक कॅमेरे व्हिडिओसाठी सेन्सरचा मधलाच भाग वापरतात, आणि ट्रॅकिंग करणारा पूर्ण रुंदी भरून मोकळा होतो. सॉफ्टवेअर ओढूनताणून उत्तर काढतं, बिंदूही जागेवर दिसतात, पण हंड्याचं तोंड जमिनीशी विसंगत कोनात उघडतं. पडताळणी सोपी आहे: फरशीच्या मोजलेल्या चार कोपऱ्यांवर आभासी चौकोन ठेवा. एक कोपरा जरी सुटला किंवा कॅमेरा सरकताना घसरला, तरी प्रकाशाला हात लावू नका. आधी कॅमेरा दुरुस्त करा.

म्हणून चित्रणाला जाणाऱ्यांना एकच विनंती. शॉट संपला की राखाडी गोळा काही सेकंद फ्रेममध्ये धरा, आणि लेन्स, कॅमेऱ्याची उंची व रेकॉर्डिंगचा मोड वहीत लिहून ठेवा.