पुष्पिकेचे भाषांतर : गीतेच्या अध्यायसमाप्तीविषयी

भगवद्गीतेच्या पोथ्यांमध्ये प्रत्येक अध्यायाच्या अखेरीस एक गद्य ओळ येते. हस्तलिखितशास्त्रात तिला पुष्पिका म्हणतात. अठरा वेळा ती जवळजवळ त्याच शब्दांत येते. बदलतो तो फक्त अध्यायाचा क्रमांक आणि त्याचे नाव. वाचक ती सहसा ओलांडून जातो आणि भाषांतरकारही तिच्यावर फारसा वेळ खर्च करीत नाही. परंतु ग्रंथ कोणत्या प्रकारचा आहे, हे सांगण्याचे काम मूळ श्लोकांपेक्षा या ओळीनेच अधिक उघडपणे केले आहे.

ही ओळ ग्रंथाची की ग्रंथ जपणाऱ्यांची, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीतील भीष्मपर्व बेलवलकरांनी संपादून १९४७ साली प्रसिद्ध केले. त्यात गीता म्हणजे त्या पर्वाचे २३ ते ४० हे अध्याय. महाभारताच्या दृष्टीने पर्वाचे नाव आणि अध्यायाचा अंक एवढे पुरेसे असते. उपनिषद, ब्रह्मविद्या, योगशास्त्र ही विशेषणे स्वतंत्रपणे पठण होणाऱ्या गीतेला शोभणारी आहेत. अध्यायनामांकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. सहावा अध्याय कोठे ‘आत्मसंयमयोग’ असतो, कोठे ‘ध्यानयोग’; आठवा कोठे ‘अक्षरब्रह्मयोग’, तर कोठे ‘तारकब्रह्मयोग’. छंदाने बांधलेला श्लोक सहजी बदलत नाही. छंदाबाहेरचे नाव बदलते. म्हणून ‘ध्यानयोग’ या नावावरून सहाव्या अध्यायाचा सिद्धान्त ठरविणे म्हणजे पेटीवरच्या चिठ्ठीवरून आतला ऐवज मोजण्यासारखे आहे.

ओळीची रचना पाहावी. आरंभी ‘इति’, नंतर सप्तमी विभक्तीतील पदांची रांग आणि शेवटी प्रथमेत अध्यायाचे नाव व क्रमांक. संस्कृतात ‘इति’ आधी येऊनही मागे संपलेल्या मजकुराकडे बोट दाखवितो. मराठीत हे काम वाक्याच्या शेवटी ‘येथे संपला’ अशा क्रियापदाने करावे लागते. ‘याप्रमाणे’ असा आरंभ करून क्रियापद गाळले, तर वाक्य अधांतरी राहते, आणि छापील भाषांतरांत ते पुष्कळदा तसेच राहिलेले दिसते.

सप्तम्यांचा प्रश्न अधिक बिकट आहे. पहिल्या दोन सप्तम्या, ‘गीतासु’ आणि ‘उपनिषत्सु’, स्त्रीलिंगी बहुवचनी आहेत. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) या लिंगाचा उलगडा केला आहे: ‘गीता’ हे मुळात विशेषण, ‘उपनिषद’ हे विशेष्य, म्हणजे भगवंताने गायिलेले उपनिषद, आणि बहुवचन आदरार्थी. हा उलगडा पटण्यासारखा आहे. मात्र मराठीत आदरार्थी बहुवचन माणसांना लागते, ग्रंथाला नव्हे. तेव्हा भाषांतरात एकवचनच येणार आणि आदर ‘श्रीमत्’वर सोपवावा लागणार.

पुढील दोन पदांचे मात्र तसे नाही. ‘ब्रह्मविद्येत’ आणि ‘योगशास्त्रात’ ही एकाच वस्तूची दोन नावे, की दुसरी पहिलीच्या पोटात? टिळकांनी दुसरा पर्याय घेऊन हा योग म्हणजे कर्मयोग असे प्रतिपादिले. ही ओळ महाभारतात नाही, हे त्यांना ठाऊक होते. तरी परंपरेचा जुना साक्षीदार म्हणून त्यांनी तिला उभे केले. साक्षीदार जुना असेल, पण त्याचा शब्द एकार्थी नाही. त्याच ओळीच्या शेवटी पहिल्या अध्यायाचे नाव ‘अर्जुनविषादयोग’ असे येते. विषादाचा कर्मयोग होत नाही! तेथे ‘योग’ हा अध्यायनामाचा ठरलेला प्रत्ययच बनला आहे. एका वाक्यात तोच शब्द एकदा शास्त्राचे नाव म्हणून आणि एकदा साच्याचा भाग म्हणून येतो.

इंग्रजी भाषांतरकारांनी ही अडचण टाळली. विल्किन्सने १७८५ साली नाव अध्यायाच्या माथ्यावर नेले आणि अर्जुनाच्या शोकाचा तेवढा उल्लेख ठेवला. अर्नोल्डने १८८५ साली ते शेवटी ठेवले, पण तेथेही ‘योग’ गळाला. इंग्रजी वाचकाला त्यामुळे मजकूर सुगम झाला, पण अठराही अध्याय एका साच्यात बसविणारा हात दिसेनासा झाला.

मराठीला तो हात दाखविणे सोपे आहे, कारण शब्द तोच ठेवता येतो: श्रीमत् भगवंताने गायिलेल्या उपनिषदातील, ब्रह्मविद्येच्या योगशास्त्रातील, श्रीकृष्ण आणि अर्जुन यांच्या संवादातील ‘अर्जुनविषादयोग’ नावाचा पहिला अध्याय येथे संपला. यात ‘ब्रह्मविद्येच्या’ हा षष्ठीचा प्रत्यय टिळकांचा पक्ष घेतो. तो नको असेल तर ‘ब्रह्मविद्येतील, योगशास्त्रातील’ असे सुटे ठेवावे. कोणताही पर्याय घेतला तरी तो अठराही ठिकाणी अक्षरशः तोच हवा. पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते म्हणून शब्द पालटणारा भाषांतरकार साच्याला शैली समजतो. आणि नावात पाठभेद असेल तेथे आपण कोणते नाव घेतले, हे त्याने तळटीपेत नोंदवावे.