‘आपली निवड झाली आहे’ : एका मजकुराचे वाचन

तुम्ही आखातात राहत असाल तर हा मजकूर तुमच्या फोनवर आलाच असेल. तो असतो गावाकडच्या भाच्याला आलेला, त्याने तुम्हाला पुढे धाडलेला, आणि खाली एकच ओळ असते : ‘मामा, खरं आहे का बघा ना.’ भाच्याला संध्याकाळपर्यंत उत्तर हवे असते, कारण पैसे उद्या भरायचे असतात. म्हणून हा मजकूर एकदा नीट वाचू. अशा अनेक संदेशांवरून बेतलेला हा नमुना :

‘अभिनंदन! दुबईतील नामांकित बांधकाम कंपनीत इलेक्ट्रिशियन पदासाठी आपली निवड झाली आहे. पगार ३,५०० दिरहॅम, राहणे-जेवण मोफत. पासपोर्ट, आधार, पॅन व बँक पासबुकचे फोटो आजच पाठवावेत. व्हिसा प्रोसेसिंग आणि मेडिकलचे ८,५०० रुपये भरावेत, पहिल्या पगारासोबत परत मिळतील. फक्त ४ जागा शिल्लक. – एचआर विभाग’

आधी एक तक्रार. अशा संदेशांबद्दल जी सूचनापत्रके फिरतात, ती सांगतात की शुद्धलेखनाच्या चुका शोधा. हा सल्ला निकामी आहे. देरा किंवा शारजातल्या खऱ्याखुऱ्या छोट्या कंत्राटदाराचा निरोप चुकांनी भरलेला असतो आणि ठगाचे पत्र गुळगुळीत, शिक्क्यासकट असते. दुसरा सल्ला, ‘कुणालाही एक पैसा देऊ नका’, हा हेतूने चांगला. पण रत्नागिरीच्या पोराच्या कानावरून तो निघून जातो. त्याच्या आळीतले चौघे एजंटला पैसे देऊनच गेलेले असतात. म्हणून पाहायचे ते हे : पैसे कोण मागतो, कशाचे आणि कोणत्या टप्प्यावर.

भारतातला कायदा इथे बराच स्पष्ट आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणारा एजंट १९८३च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणीकृत असावा लागतो. त्याने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घ्यावा, तोही पावती देऊन. म्हणजे भारतातल्या नोंदणीकृत एजंटने सेवाशुल्क मागितले म्हणून तो लगेच ठग ठरत नाही. पण आपल्या मजकुरात पैसे मागतो आहे तो स्वतःला कंपनीचा ‘एचआर विभाग’ म्हणवणारा. अमिरातीच्या २०२१च्या कामगार कायद्याने भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मालकाला मनाई आहे, थेटही आणि आडमार्गानेही. तेव्हा ‘पहिल्या पगारासोबत परत’ हे वाक्य दिलासा देण्यासाठी लिहिलेले असले तरी तेच मजकूर उघडा पाडते. जो खर्च मालकाचाच आहे, तो आधी तुमच्याकडून घेऊन मग परत कशाला करायचा? शिवाय दुबईच्या रहिवासी व्हिसासाठी लागणारी वैद्यकीय तपासणी तिथे पोचल्यावर होते, हे तुम्ही स्वतः रांगेत उभे राहून पाहिले आहे. ८,५०० हा आकडाही विचारपूर्वक निवडलेला असतो : घरच्यांना न विचारता उसना मिळावा इतका. तो भरला की ‘इन्शुरन्स’ येतो, मग ‘तिकिटाचे डिपॉझिट’.

आता कागद. खरी कंपनी पासपोर्टची प्रत मागते, यात शंका घेऊ नका. त्याशिवाय व्हिसाचा अर्जच होत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आधी मुलाखत, मग सही करायचा ऑफरचा कागद, मग पासपोर्ट आणि फोटो. आपल्या मजकुरात मुलाखत झालेलीच नाही, ‘निवड’ मात्र झाली आहे. आणि आधार-पॅन? दुबईतल्या मालकाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. हे दोन कागद आणि पासबुक एकत्र उपयोगी पडतात ते भारतातच : कुणाच्या तरी नावावर कर्ज काढायला, सिमकार्ड घ्यायला, चोरीचा पैसा फिरवण्यासाठी खाते उघडायला. भाच्याकडे ८,५०० नसतील तरी त्याचे कागद विकाऊ माल आहेत, म्हणून ‘पैसे नंतर द्या, कागद तर पाठवा’ अशी सवलतही मिळते. पैसे न मागणारा संदेश सुरक्षित मानू नये तो याचसाठी.

पडताळणी तुम्ही अर्ध्या तासात करू शकता. एजंट असेल तर त्याचा परवाना क्रमांक emigrate.gov.in वर शोधा. पण इथे लोक फसतात : क्रमांक खरा सापडतो, कारण तो दुसऱ्या कुणाच्या जाहिरातीतून उचललेला असतो. म्हणून संदेशातल्या नंबरवर फोन करू नका. संकेतस्थळावर त्या एजंटचा जो पत्ता आणि फोन दिला आहे, तिथे करा आणि ‘ही भरती तुमची का?’ एवढेच विचारा. ‘मी त्यांचा सबएजंट’ असे कुणी म्हणाला तर संभाषण तिथेच थांबवा. कायद्यात तशी जागाच नाही.

कंपनी थेट बोलत असेल तर ऑफर लेटर मागा. अमिरातीत मनुष्यबळ मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यातली ऑफर असते, तिच्यावर व्यवहार क्रमांक असतो आणि तो mohre.gov.ae वर तपासता येतो. एक अडचण सांगायला हवी : फ्री झोनमधल्या कंपन्यांचे करार सहसा त्या त्या झोनच्या प्राधिकरणाकडे असतात, त्यामुळे तिथली खरी ऑफर मंत्रालयाकडे सापडणार नाही. अशा वेळी झोनचे नाव विचारा आणि त्यांच्याकडे चौकशी करा. ‘सध्या व्हिजिट व्हिसावर या, आल्यावर बदलू’ असे सुचवले तर भाच्याला विमानात बसू देऊ नका. त्या व्हिसावर काम करणे बेकायदा आहे, आणि दंड भरणाऱ्यांत तोही असेल.

उत्तर द्यावे का? संदेश शेकडोंना एकाच वेळी गेलेला दिसत असेल तर देऊ नये, क्रमांक बंद करावा. पण भाच्याने खरोखर कुठे अर्ज केला असेल तर गप्प बसून खरी नोकरीही जाऊ शकते. अशा वेळी आरोप न करता, एकही कागद न जोडता, त्याने स्वतः असे लिहावे :

‘आपल्या संदेशाबद्दल आभार. कंपनीचे परवान्यावरील पूर्ण नाव, ऑफरचा व्यवहार क्रमांक आणि मुलाखतीची वेळ कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून कळवावी. ऑफर पडताळल्यानंतर पासपोर्टची प्रत पाठवीन. भरतीसाठी कोणतीही रक्कम मी भरणार नाही.’

या उत्तराची गंमत अशी की खऱ्या एचआरला त्यात वावगे काही वाटत नाही; तो दोन दिवसांनी का होईना, क्रमांक धाडतो. ठग मात्र दहा मिनिटांत रागावतो किंवा जागा ४ वरून १ वर आणतो. ईमेल आलाच तर `@` च्या पुढचा भाग वाचा, आधीचा नाही. कंपनीचे नाव फुकटच्या मेलसेवेत डाव्या बाजूला कुणीही लिहू शकतो. आणि ऑफर म्हणून आलेल्या फाइलचे नाव `.apk` ने संपत असेल तर ते पत्र नाही, फोनमध्ये शिरणारे अ‍ॅप आहे.

ओळख पटण्याआधीच पासपोर्टची प्रत देणे भाग पडले, तर तिच्यावर आडवे लिहून द्या : कोणत्या कंपनीसाठी, कोणत्या तारखेला. व्हिसाच्या अर्जाला स्वच्छ प्रत लागते, पण ती ऑफर पडताळल्यावर.

आणि भाच्याचा निरोप येईपर्यंत पैसे गेलेलेच असतील, तर तुम्ही दुबईहून त्या ‘एचआर’ला फोन करून झापण्यात वेळ घालवू नका. भाच्याला आधी १९३० वर फोन करायला सांगा, मग बँकेला. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली तर ती हाती लागण्याची शक्यता असते, आणि ती तासागणिक घटते. आधार गेले असेल तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते. ठगाशी झालेले संभाषण मात्र पुसू देऊ नका. घरच्यांना कळू नये म्हणून पोरे तेच आधी पुसतात.