दोन बटणे, एकच क्रियापद

अँड्रॉइड फोनची भाषा मराठी केली, की ॲपच्या माहितीत बहुधा 'स्टोरेज साफ करा' आणि 'कॅशे साफ करा' ही बटणे शेजारी दिसतात. स्टोरेज भरल्याची सूचना नुकतीच वाचलेला माणूस साहजिकच पहिले दाबतो. आमचा आक्षेप 'साफ करा'ला आहे. घर साफ करणे म्हणजे केर काढणे. सामान फेकणे नव्हे.

कॅशे म्हणजे पुन्हा मिळवता येणाऱ्या प्रतींचा साठा. तो गेला तर ॲप थोडा वेळ संथ चालते, इतकेच. पहिले बटण मात्र ॲपने स्वतःजवळ ठेवलेले सारे पुसते: लॉगिन, सेटिंग, अपुरे मसुदे. समजा, टिपणांच्या ॲपचा डेटा ३०० एमबी व कॅशे ५०० एमबी आहे. कॅशे काढल्यास ५०० एमबी मोकळे होतात, टिपणे शाबूत राहतात. पहिल्या बटणाने ८०० सुटतात, पण अन्यत्र प्रत नसलेली टिपणे कायमची जातात.

कॅशे सहसा न विचारता जाते. डेटा कायमचा हटवण्याबद्दल विचारणा आली, की समजावे, बटण चुकले. 'रद्द करा' दाबावे.

इंग्रजीतही दोन्हीकडे 'क्लिअर'च आहे, म्हणजे दोष मूळचाच. तरी मराठीत 'ॲपमधील सर्व माहिती पुसा' असे लिहिता आले असते.