शुक्र-हर्षल योग: दोघांचा की अख्ख्या वर्गाचा?

एकाचा शुक्र दुसऱ्याच्या हर्षलाशी, म्हणजे युरेनसशी, युतीत आला की ज्योतिषी सांगतात: ओढ झटक्यात, पण मन अस्थिर, दिलेला शब्द टिकणं कठीण. आता समजा, मुलीचा शुक्र निरयन धनूत 26 अंशांवर आहे. मुलगा इथलाच, कामथडीचा, जन्म 1993चा. हर्षलला राशीचक्र फिरायला 84 वर्षं लागतात. 1993भर तो धनूच्या 23 ते 29 अंशांतच होता. युतीला पाच अंशांची सूट धरली, तर मुलीचा हा योग त्या वर्षी जन्मलेल्या सगळ्याच मुलांशी होतो. मग ओढ याच्याशीच का? ते योग सांगत नाही. तरी त्यावरून स्थळ नाकारलं, तर ती एका माणसाला त्याच्या जन्मवर्षाची शिक्षा झाली. शब्द टिकेल का, हे त्याच्या वागण्यात पाहा.