खालच्या ट्रेमधले सात

"सर बुश आले. नो-गो जायलाय."
"८० त ७"
"४ ला बर पण हाय"
"सातही खालच्या ट्रेचे"
"मागच्या महिन्यासारखंच परत. टूल गेलंय त्यांचं, बदला म्हणा"
"लॉट होल्ड. लाईनला देऊ नका"

वाळूजच्या एखाद्या कारखान्यात, माल उतरवून घेण्याच्या दारापाशी उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरने आपल्या क्वालिटी इंजिनिअरला पाठवावेत असे हे सहा निरोप. ते कोणत्याही एका कारखान्याचे नाहीत. या कामाची रीत दाखवण्यासाठी मी ते रचून घेतले आहेत. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. त्याला आणि पुढे आलेल्या इतर कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी वर्कशॉपं वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशी पसरली. त्यांच्यातून टेम्पोने येणाऱ्या मालावर असे निरोप नेहमीच लिहिले जातात. त्यांच्यावरून पुरवठादाराला जी रीतसर नोट जाते, तिला सगळे एनसी म्हणतात. निरोपांतून एनसी घडते कशी, हे सावकाश वाचण्यासारखं आहे.

आधी निरोप वाचू. पहिल्याच ओळीत निकाल आहे. बुशचं बोअर १२ एच७ म्हणजे १२.००० ते १२.०१८ मिलीमीटर. ते तपासायच्या प्लग गेजला दोन टोकं असतात. गो टोक आत गेलं पाहिजे, नो-गो टोक जाता कामा नये. 'नो-गो जायलाय' म्हणजे भोक वरच्या मर्यादेपेक्षा मोठं आहे. दुसऱ्या ओळीत प्रमाण आहे. तिसरीत वेगळाच दोष आला, कडेला राहिलेली धातूची कोर. चौथी जाता जाता टाकलेली वाटते. पाचवीत आठवण, वैताग, निदान आणि उपाय एका दमात येतात. सहावीत कृती आहे. बोलताना माणूस असाच बोलतो, आणि समोरच्याला सगळं समजतंही, कारण दोघे एकाच छपराखाली आहेत, दोघांना तो बुश माहीत आहे आणि मागचा महिना आठवतो.

पुरवठादाराच्या ऑफिसात बसलेल्या माणसाकडे यातलं काहीच नाही. त्याला नोटच वाचायची आहे. आता ती नोट पाहा:

"अपेक्षा: ड्रॉइंग, आवृत्ती सी, बोअर १२ एच७ (१२.००० ते १२.०१८ मिमी), बोअरच्या दोन्ही तोंडांना बर नसावी.
आढळ: १००० नगांच्या लॉटमधून ८० नग घेतले, प्रत्येकी २५० नगांच्या चार ट्रेंमधून २०-२०. ७ नगांत नो-गो टोक आत गेले. ते ७ नग व गेज तपासणी-खोलीत चार तास एकत्र ठेवून पुन्हा पाहिले, निकाल तोच. बोअर गेजवर मापे १२.०२१ ते १२.०२६ मिमी. सातही नग सर्वांत खालच्या ट्रेमधले. वरच्या तीन ट्रेंमधील ६० नगांत हा दोष आढळला नाही. ४ नगांना बर. त्यांतील २ वरील सातांपैकीच. सदोष नग एकूण ९.
निर्णय: ठरलेल्या नमुना योजनेनुसार (स्वीकार २, नकार ३) लॉट नाकारला. माल लाल पट्टीच्या जागेत वेगळा ठेवला आहे.
मागील नोंद: याच मापाची याच दिशेची तक्रार मागील महिन्यात, आपले उत्तर 'टूल बदलले'."

खाली गेजचा क्रमांक आणि त्याच्या कॅलिब्रेशनची तारीख.

या नोटेचं पहिलं सौंदर्य चार तासांत आहे. मे महिन्यात चिकलठाण्याहून वाळूजला उन्हात आलेला टेम्पो उघडला की पोलादी नग सहज ४५ अंशांवर असतो आणि गेज वातानुकूलित खोलीतला, २२ अंशांचा. पोलाद दर अंशाला मीटरमागे साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास प्रसरण पावतं. १२ मिलीमीटरच्या भोकाला तेवीस अंशांच्या फरकाने सुमारे तीन मायक्रॉन लागतात. पूर्ण टॉलरन्सच अठरा मायक्रॉनचा. म्हणजे दारातच मोजून १२.०२१ आलेला नग निवल्यावर १२.०१८ वर येऊन पास होऊ शकतो. पुरवठादाराची पहिली हरकत नेमकी हीच असते: "साहेब, आमच्याकडे ओके होता." नोटेने ती हरकत येण्याआधीच तिचं उत्तर दिलं आहे, तेही वाद न घालता. नग आणि गेज एकाच तापमानाला आणून मोजले, एवढंच सांगून. गेजचा क्रमांकही त्याच कामाचा आहे. नो-गो टोक झिजून लहान झालं असेल तर ते चांगल्या नगातही शिरू लागेल, म्हणून गेज शेवटचा कधी तपासला हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. सात आणि चार यांची बेरीज अकरा होते, सदोष नग मात्र नऊ आहेत. निरोपात हे दिसत नाही, कारण तिथे दोष मोजले होते आणि नोटेला नग मोजायचे आहेत. हिशेबात दोन नगांचा घोळ राहिला की पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या दोन नगांवर चालतो आणि बोअरचा प्रश्न बाजूला पडतो. 'लॉटमध्ये अकरा टक्के माल खराब' असं वाक्य नोटेत नाही, हेही मला आवडलं. ऐंशी नगांवरून लॉट नाकारता येतो. उरलेले नऊशे वीस कसे आहेत ते सॉर्टिंग केल्याशिवाय सांगता येत नाही.

आता मुख्य जागा. पाचव्या निरोपातलं 'टूल गेलंय, बदला म्हणा' नोटेत कुठेच नाही. सौजन्य म्हणून ते वगळलेलं नाही. ते वाक्य चूक असण्याची दाट शक्यता आहे. बोअरिंग करताना इन्सर्टची धार झिजली की ती कमी धातू काढते आणि भोक लहान होत जातं. झिजलेल्या टूलने बोअर मोठं होणं हा नेहमीचा प्रकार नव्हे. बोअर मोठं झालं तर संशय दुसरीकडे जायला हवा: मशिनवर भरलेला ऑफसेट, स्पिंडलचा रनआउट, धारेवर चिकटलेला धातू. इन्स्पेक्टरचा हात तरबेज आहे, डोळा तरबेज आहे, पण पुरवठादाराचं मशिन त्याने पाहिलेलं नाही. त्याच्या निरोपात डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाने जोडलेलं शेजारी शेजारी बसलं आहे. नोट लिहिणाऱ्याने त्या दोहोंमधून बारीक रेघ मारली आणि दुसरा भाग शांतपणे सोडून दिला.

सोडला नसता तर काय झालं असतं ते मागच्या नोंदीतच वाचायला मिळतं. मागच्या महिन्याच्या नोटेत कारण आणि उपाय दोन्ही लिहून दिले होते, असं आपल्या उदाहरणात धरू. पुरवठादाराने तेच उलटून लिहिलं: टूल बदललं. नोट बंद झाली. गिऱ्हाइकानेच निदान करून दिल्यावर मशिनपाशी जाऊन शोध घेण्याची गरज कोणाला उरते? नव्या नोटेत ते उत्तर जसंच्या तसं, अवतरणात आहे, शेजारी एक शब्दही नाही. 'परत तेच' या वैतागाचा हा पुरावा झाला, आणि तो वाचून पुरवठादाराला दुसऱ्यांदा 'टूल बदलले' लिहिणं अवघड होतं.

आणि मग तो चौथा निरोप. घाईत नोट लिहिणारा माणूस हीच ओळ आधी गाळतो. अपेक्षेत ती बसत नाही, मापात बसत नाही, लॉट नाकारायला तिची गरज नाही. इथे मात्र ती राखली आहे, तिला आधारही दिला आहे: प्रत्येक ट्रेमधून वीस-वीस नग घेतले होते, म्हणून 'सातही खालच्या ट्रेमधले' या विधानाला वजन आलं. नुसते वरचेच ऐंशी नग उचलले असते तर दोष दिसलाच नसता. नुसते खालचे उचलले असते तर सगळा लॉट तसाच वाटला असता. निष्कर्ष मात्र काढलेला नाही. खालचा ट्रे म्हणजे काय, हे पुरवठादाराने ओळखायचं आहे, कारण पेटी त्याने भरली.

तो ओळखू शकतो. पेटी भरताना खालचा ट्रे आधी भरला जातो, म्हणजे ते लॉटच्या सुरुवातीचे नग. विसात सात या प्रमाणाने अडीचशेच्या ट्रेमध्ये नव्वदच्या आत-बाहेर नग असे निघतील. चाळीस सेकंदांना एक नग पडत असेल तर तासाभराचं काम. तासाच्या नोंदींचं रजिस्टर काढून त्या तासात काय घडलं ते पाहायचं. आपल्या उदाहरणात तिथे इन्सर्ट बदलल्याची नोंद सापडते. जुनी धार झिजत जाईल तसं बोअर लहान होतं, म्हणून ऑपरेटर वेअर ऑफसेट थोडा थोडा वाढवत नेतो. नवी धार लावली की तो ऑफसेट शून्यावर आणावा लागतो. राहून गेला की नवी कोरी धार जुन्या झिजेची भरपाई करत बसते आणि बोअर मोठं निघतं, पुढच्या तासाच्या तपासणीत कोणाच्या लक्षात येईपर्यंत. टूल बदलणं हाच दोषाचा क्षण होता. मागच्या महिन्यात उपाय म्हणून जे करायला सांगितलं, तेच नीट न केल्याने बुश बिघडत होते.

अशा शोधानंतर येणारं उत्तर ओळखू येतं. त्यात 'ऑपरेटरला समज दिली' एवढंच नसतं. इन्सर्ट बदलल्यावर वेअर ऑफसेट शून्य करणं सेटअप शीटवर चढवलं, बदलानंतरचा पहिला नग मोजून सही झाल्याशिवाय मशिन पुढे चालवायचं नाही असं ठरलं, आणि आपल्या गोदामातला व वाटेतला माल तपासला, असं त्यात असतं. गिऱ्हाइकाने पुढचे काही लॉट खालच्या ट्रेपासून तपासले की त्या उत्तराची परीक्षा होते.

या नोटेत मला एक जागा खटकते, ती बरची. बोअरच्या नोटेतच ती घातली आहे. बरचं कारण निराळं, ती काढणारा हात निराळा, बहुधा डिबरिंगच्या बाकावरचा. दोन्ही एकाच क्रमांकाखाली गेल्याने बोअरचं काम पुरं होऊनही नोट उघडी राहील, किंवा त्याहून वाईट म्हणजे बोअरच्या उत्तराच्या आडून बरही बंद होईल. शिवाय 'बर नसावी' या अपेक्षेला माप नाही. नखाला लागते ती बर, की डोळ्याला दिसते ती? दोन्ही बाजूंनी सही केलेला मर्यादा-नमुना कपाटात असेल तर नोटेत त्याचा क्रमांक यायला हवा होता. नसेल तर त्या चार नगांवर नोट काढण्याआधी पुरवठादाराला बोलावून, एका टेबलावर बसून, तो नमुना ठरवायला हवा होता. बोअरच्या सात नगांबाबत ही नोट कुठे हलवता येत नाही. बरच्या चार नगांबाबत चिकलठाण्याहून फोन येईल, "साहेब, ही बर धरत नाहीत," आणि ते म्हणणं खोडायला नोटेत काही नसेल.