शेरिलचा वाढदिवस: एक कोडे, दोन उत्तरे आणि एक सैल वाक्य

एप्रिल 2015 मध्ये सिंगापूरच्या एका शालेय गणित स्पर्धेतला प्रश्न केनेथ काँग या दूरचित्रवाणी निवेदकाने फेसबुकवर टाकला आणि थोड्याच दिवसांत तो जगभर पसरला. ‘सिंगापूर अँड एशियन स्कूल्स मॅथ ऑलिंपियाड’ या स्पर्धेतला हा प्रश्न माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी होता. उत्तर 16 जुलै की 17 ऑगस्ट, यावर लोक हिरिरीने भांडले. आयोजकांनी 16 जुलै हेच उत्तर बरोबर असल्याचे सांगितले. ते बरोबरच आहे. पण 17 ऑगस्ट म्हणणारे नेमके कुठे वेगळ्या वाटेने गेले, आणि त्यात प्रश्नाच्या शब्दरचनेचा किती दोष होता, हे या टिपणात पाहू.

आधी प्रश्न. अल्बर्ट आणि बर्नार्ड यांना शेरिलचा वाढदिवस जाणून घ्यायचा आहे. ती त्यांना दहा तारखांची यादी देते:

मे: 15, 16, 19
जून: 17, 18
जुलै: 14, 16
ऑगस्ट: 14, 15, 17

मग ती अल्बर्टला फक्त महिना आणि बर्नार्डला फक्त दिवस वेगवेगळे सांगते. त्यानंतरचे संभाषण असे:

अल्बर्ट: मला वाढदिवस माहीत नाही, पण बर्नार्डलाही माहीत नाही हे मला माहीत आहे.
बर्नार्ड: आधी मला माहीत नव्हता, आता कळला.
अल्बर्ट: मग मलाही कळला.

मान्य उत्तराची रीत अशी. यादीत 18 आणि 19 हे दिवस एकेकदाच येतात. बर्नार्डला यांपैकी एखादा दिवस सांगितला असता, तर त्याला लगेच तारीख कळली असती. अल्बर्टजवळ मे असता, तर ‘कदाचित 19 असेल’ ही शंका त्याला राहिली असती. जून असता, तर 18 ची शंका राहिली असती. ‘बर्नार्डला माहीत नाही’ असे तो ठामपणे म्हणतो, म्हणून मे आणि जून हे दोन्ही महिने पूर्ण बाद होतात. उरतात 14 व 16 जुलै आणि 14, 15 व 17 ऑगस्ट. आता बर्नार्डला तारीख कळते, म्हणजे त्याचा दिवस 14 नाही, कारण 14 दोन्ही महिन्यांत आहे. उरल्या तीन तारखा: 16 जुलै, 15 ऑगस्ट, 17 ऑगस्ट. शेवटी अल्बर्टलाही कळते, म्हणजे त्याच्या महिन्यात एकच तारीख उरली असली पाहिजे. ती 16 जुलै.

आता दुसरी वाट. 17 ऑगस्ट म्हणणारा वाचक पहिले विधान असे वाचतो: बर्नार्डला माहीत नाही, ही बातमी अल्बर्टला कुठून तरी मिळालेली आहे. मग 19 मे आणि 18 जून एवढ्या दोनच तारखा जातात. जूनमध्ये 17 एकटी उरते. पण अल्बर्ट म्हणतो, ‘मला माहीत नाही’. म्हणून 17 जूनही जाते. उरलेल्या सात तारखांमध्ये 14, 15 आणि 16 हे दिवस दोन दोनदा येतात, 17 मात्र एकदाच. बर्नार्डला कळले, म्हणजे 17 ऑगस्ट. या वाटेवर एकही पायरी चुकलेली नाही. फरक फक्त पहिल्या वाक्याच्या वाचनात आहे.

तो फरक 17 जून या एका तारखेवर स्पष्ट दिसतो. समजा, खरा वाढदिवस 17 जून आहे. बर्नार्डजवळ 17 आहे आणि हा दिवस जून व ऑगस्ट दोन्हीत येतो. म्हणून त्याला तारीख माहीत नाही, हे खरे. पण अल्बर्टजवळ फक्त ‘जून’ आहे. बर्नार्डला 18 सांगितले असेल, ही शक्यता त्याला सोडता येत नाही. म्हणजे ‘बर्नार्डला माहीत नाही’ हे विधान खरे असूनही अल्बर्टला ते ठाऊक असू शकत नाही. 15 मे आणि 16 मे यांचेही असेच आहे. गोष्ट खरी असणे वेगळे आणि एखाद्याला ती ठाऊक असणे वेगळे. ज्या तारखांना हे दोन वेगळे पडतात, अशा या यादीत तीनच आहेत आणि सगळा वाद त्या तिघींवर उभा आहे.

आपले उत्तर तपासायची सोपी रीत म्हणजे उलट दिशेने जाणे: तारीख धरून चालायचे आणि प्रत्येकाला आपले वाक्य खरेपणाने बोलता येते का, ते पाहायचे. 17 ऑगस्ट धरू. अल्बर्टजवळ ऑगस्ट आहे. 14, 15, 17 यांपैकी प्रत्येक दिवस यादीत दोनदा आहे, म्हणून पहिले वाक्य तो बोलू शकतो. बर्नार्डजवळ 17 आहे; जून बाद झाल्यामुळे त्याला ऑगस्ट कळतो. दुसरे वाक्यही जमले. पण अल्बर्टला 15 की 17 हे ठरवता येत नाही, कारण 15 असता तरी बर्नार्ड तेच बोलला असता. तिसरे वाक्य खोटे पडते. 16 जुलै मात्र तिन्ही वाक्यांतून सुटते.

मग दोष कोणाचा? उत्तराचा नाही, पण मांडणीचा काही अंशी आहे. पहिली त्रुटी: कोणाला काय सांगितले हे दोघांनाही माहीत आहे, असे मूळ प्रश्नात स्पष्ट म्हटलेले नाही. हे गृहीत धरले नाही तर एकही निष्कर्ष निघत नाही. दुसरी त्रुटी जास्त महत्त्वाची. ‘मला माहीत आहे’ हे कशाच्या आधारे, हे सांगितलेले नाही. रोजच्या बोलण्यात ‘त्याला माहीत नाही, हे मला माहीत आहे’ असे आपण त्याच्याकडून ऐकूनही म्हणतो. अल्बर्टचे वाक्य पुढीलप्रमाणे असते, तर दुसऱ्या वाटेला जागाच राहिली नसती: ‘मला सांगितलेल्या महिन्यावरूनच मी खात्रीने म्हणतो, की बर्नार्डला तारीख कळलेली असणे शक्य नाही.’

तिसरी बाब रचनेची. मान्य वाचनात ‘मला वाढदिवस माहीत नाही’ हे अल्बर्टचे शब्द काहीच काम करत नाहीत, कारण प्रत्येक महिन्यात किमान दोन तारखा आहेत. उलट दुसऱ्या वाचनात 17 जून याच शब्दांमुळे जाते. ते काम न करणारे शब्दच वाचकाला ‘यांचा काहीतरी उपयोग असणार’ असे वाटायला लावतात आणि चुकीच्या वाटेला बळ देतात. चांगल्या कोड्यात प्रत्येक शब्दाने आपला भार उचलला पाहिजे.

हा दोष एका तारखेने दूर होतो. यादीतून 18 जून काढा. आता जूनमध्ये फक्त 17 आहे आणि तो दिवस ऑगस्टमध्येही आहे, म्हणून ‘बर्नार्डला माहीत नाही’ हे जूनवाला अल्बर्टही खात्रीने म्हणू शकतो. जून बाद होतो तो ‘मला माहीत नाही’ या शब्दांमुळेच, आणि उत्तर 16 जुलै हेच राहते. आता तेच शब्द गाळून कोडे पुन्हा सोडवा: 16 जुलै आणि 15 ऑगस्ट अशी दोन उत्तरे टिकतात. ती का टिकतात, हे वर दिलेल्या उलट तपासणीने स्वतः पडताळून पाहावे.