पत्ता नसलेला माणूस

पहाटेची वेळ आहे. थंडी कडाक्याची, आकाशात अजून तारे आहेत आणि एक म्हातारा फाटके कपडे अंगाशी लपेटून काठी टेकत गावातून चालला आहे. गाव झोपलेले, वाट त्याच्या पायाखालची. तो एका इमारतीच्या ओट्यावर येऊन बसतो. आतून दिव्याचा उजेड आणि माणसांचे अस्पष्ट आवाज येतात. मग कुणीतरी मोठ्याने पुकारतो, “पोलीस सुपरिंटेंडेंट!” म्हातारा दचकून उठतो आणि पुन्हा खाली बसतो.

धूमकेतूंची ‘पोस्ट ऑफिस’ ही गुजराती कथा अशी सुरू होते. गौरीशंकर गोवर्धनराम जोशी हे त्यांचे खरे नाव. त्यांचा ‘तणखा’ हा संग्रह १९२६ साली आला, त्यातली ही कथा. या कथेबद्दल बोलताना बहुतेक जण बापाच्या मायेबद्दल बोलतात. ते बरोबरच आहे, पण मला ती दरवेळी टपालाच्या छाननीची कथा वाटते. उजाडायच्या आत दिव्याच्या उजेडात पत्रे वेगळी करणारे हात तिच्या मध्यभागी आहेत.

ही छाननी मी लहानपणी जवळून पाहिली आहे. आमच्या भागाचे पोस्टमनकाका थैली फुटल्यावर आपल्या बीटचा गठ्ठा पुढ्यात घेत. आधी गल्लीनुसार ढीग लागत, मग एकेका ढिगात घरे. घरनंबर मात्र एक, दोन, तीन, चार असे कधीच लागत नसत. विषम आकडे गल्लीच्या डाव्या हाताला आणि सम उजव्या हाताला असतील, तर काका आधी एक, तीन, पाच, सात असे गल्लीच्या टोकापर्यंत लावत आणि मग बारा, दहा, आठ असे उलटे येत. म्हणजे गठ्ठ्याचा क्रम आकड्यांचा नव्हता, तो त्यांच्या पायांचा होता. एखादे पत्र चुकीच्या जागी गेले, तर ते चुकल्याचे गल्ली संपल्यावर कळे आणि तेवढ्या एका कार्डासाठी सगळी गल्ली पुन्हा चालावी लागे. एकाच नंबरच्या वाड्यात सात बिऱ्हाडे असली, की नंबरही पुरत नसे, मग जिना आणि आडनाव आठवावे लागे. ते सगळे काकांना पाठ होते. पत्र हातात आले, की त्यांचा अंगठा क्षणभर थांबे आणि तेवढ्यात त्या घराचा दरवाजा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राही.

धूमकेतूंच्या काळात पिनकोड नव्हता. तो १९७२ सालच्या १५ ऑगस्टला आला आणि त्यामागचे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच. त्याआधी पत्र पोचणे म्हणजे अशा ओळखीवर सगळा भार. म्हणून कथेतल्या त्या पहिल्या पुकाऱ्याकडे नीट पाहावे. आत पुकारले जातात ते हुद्दे आहेत. सुपरिंटेंडेंट, कमिशनर, ग्रंथपाल. सरावलेला आवाज ते हुद्दे भराभर वाचतो आणि पत्रे फेकतो. हुद्द्याला घरनंबर लागत नाही, कारण सुपरिंटेंडेंट कुठे राहतो ते गावाला ठाऊक असते. या यादीत मध्येच “कोचमन अली!” असा पुकारा येतो. म्हातारा आभाळाकडे पाहून दाराशी धावतो आणि आतले लोक हसतात. पत्र नसतेच. त्यांनी थट्टा केलेली असते.

धूमकेतूंचे कसब मला इथे दिसते. थट्टेचा पुकारा त्यांनी खऱ्या पुकाऱ्याच्याच सुरात, त्याच रांगेत ठेवला आहे. आत चालले आहे ते काम, आणि थट्टा करायला त्या कामाचा ताल मोडावा लागत नाही. म्हणून ती जास्त बोचते.

अलीची मुलगी मरियम एका शिपायाशी लग्न करून दूर पंजाबात गेली. पाच वर्षे तिचे पत्र नाही. एके काळी अली पट्टीचा शिकारी होता. मातीच्या रंगात मिसळून गेलेला तित्तिर शिकारी कुत्र्यालाही दिसत नसे, तो त्याच्या डोळ्यांना दिसे. एकटेपण आल्यावर एक दिवस त्याला समजले, की आपण मारत होतो त्या पाखरांनाही पिल्ले होती. तो झाडाखाली बसून रडला आणि त्यानंतर पोस्टाची वाट धरली. हा भाग मला किंचित ताणलेला वाटतो, लेखक तिथे अर्थ स्वतःच सांगून टाकतात. पण मातीतून पाखरू वेगळे काढणारी ती नजर आता पत्रांच्या ढिगाकडे लागली आहे, हे त्यांनी न सांगता ठेवले आहे, आणि ते फार सुंदर आहे.

पोस्टाच्या हिशेबात अली कुठल्या खणात बसतो? त्याला ना हुद्दा, ना बीट. पत्र त्याच्यापर्यंत न्यायची गरजच नाही, तोच येऊन बसलेला आहे. पोस्टाच्या कोपऱ्यातला बाक हाच त्याचा पत्ता झाला आहे. आपले दिवस भरत आले हे कळल्यावर तो लक्ष्मीदास या कारकुनाला सोन्याच्या गिन्न्या देतो आणि सांगतो, पत्र आले तर माझ्या कबरीवर पोचव. हा पत्ताबदलाचा अर्जच आहे. पोस्टात असे अर्ज रोज येतात. जुने घर सोडले, नवे अमुक ठिकाणी, टपाल तिकडे पाठवावे.

मग पोस्टमास्तरची स्वतःची मुलगी परगावी आजारी पडते. ज्याने अलीला पिसाट म्हणून हाकलले, तोच आता भल्या पहाटे ढिगात हात घालून एक पाकीट शोधतो. हव्या त्या रंगाचे पाकीट दिसते, तो झडप घालून उचलतो आणि विजेचा धक्का बसावा तसे टाकून देतो. वर लिहिलेले असते, कोचमन अली. छाननी करणाऱ्या माणसाला पत्र दिसते ते नावापुरते. त्या एका क्षणी पोस्टमास्तरला पत्राची वाट पाहणारा माणूस दिसला, आणि तोही स्वतःच्या जागी उभा असलेला.

पोस्टमास्तर ती रात्र मुलीच्या काळजीत काढतो आणि पहाटे पाचच्या सुमारास दारावर थाप पडते. दारात अली काठीवर वाकून उभा. पोस्टमास्तर त्याला पत्र देतो. डोळ्यांतून पाणी, पण त्या डोळ्यांतला उजेड या जगातला नाही. लक्ष्मीदास येतो तेव्हा दारात कुणी नसते, आणि अली तीन महिन्यांपूर्वीच गेला हे तो सांगतो. काही वाचकांना हे भूत खटकते. मला खटकत नाही, कारण लेखकाने त्याची वेळ छाननीची ठेवली आहे. पाच वर्षे तो माणूस ज्या वेळेला त्या दाराशी आला, त्याच वेळेला तो येतो.

नियमाने अशा पत्रावर ‘मयत’ असा शेरा पडतो आणि ते आल्या वाटेने परत जाते. पाठवणाऱ्याचा पत्ता बाहेर नसेल, तर परत पत्रांच्या कचेरीत ते उघडून पाहिले जाते. इथे तसे होत नाही. संध्याकाळी पोस्टमास्तर आणि लक्ष्मीदास कबरस्तानापर्यंत चालत जातात आणि पत्र अलीच्या कबरीवर ठेवतात. मरियमने काय लिहिले होते ते धूमकेतू सांगत नाहीत. पाकीट बंदच राहते.

परतताना पोस्टमास्तर विचारतो, आज सकाळी सगळ्यांच्या आधी तूच आला होतास ना? लक्ष्मीदास हो म्हणतो. पोस्टमास्तर पुढे काही विचारायला जातो आणि थांबतो. मग सिगडीच्या उजेडात बसून तो मुलीच्या पत्राची वाट पाहू लागतो.